सिंक कापून लो-पास फिल्टर: विंडो कोणती, टॅप किती, कटऑफ कुठे

प्रश्न: मोटरच्या बेअरिंगवर लावलेल्या कंपन-सेन्सरचा सिग्नल ८००० हर्ट्झने सॅम्पल करतोय. १००० हर्ट्झपर्यंतचं सगळं हवंय, १४०० च्या पुढचं किमान ५० डेसिबल खाली जायला हवं. सिंकचं सूत्र घेऊन ६७ टॅपवर कापलं, तर कटऑफच्या आजूबाजूला मोठ्या लहरी दिसतात. टॅप २०१ केले तरी लहरींची उंची तेवढीच. हॅमिंग विंडो लावल्यावर लहरी गेल्या, पण १००० हर्ट्झचा सिग्नल आता निम्मा होऊन येतो. कटऑफ १००० दिला आहे. विंडो कोणती आणि टॅप किती, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

उत्तर:

लहरींची उंची विंडोच्या आकारावर ठरते, टॅपच्या संख्येवर नाही. टॅपची संख्या फक्त उतार किती रुंद असेल ते ठरवते. आणि सूत्रात घालायचा कटऑफ म्हणजे पासबँडची कड नव्हे, उताराचा मध्य. तुमच्या बाबतीत तो १००० आणि १४०० च्या मधोमध, म्हणजे १२०० हर्ट्झ. हॅमिंग आणि ६७ टॅप तसेच ठेवून कटऑफ तेवढा १२०० केलात तर तुमची अट पूर्ण होईल. पण हे असं का, ते एकदा नीट समजून घेतलं तर पुढच्या वेळी कुठल्याही आकड्यांसाठी फिल्टर स्वतःच काढता येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आदर्श लो-पास फिल्टर कटऑफपर्यंत १ आणि त्यापुढे एकदम ० असतो. या चौकोनी आलेखाचा उलटा फूरिए घेतला की सहगुणक मिळतात:

```
h[n] = sin(2π·fc·n/fs) / (π·n),   h[0] = 2·fc/fs
```

fc = १२०० आणि fs = ८००० घातलं की h[0] = ०.३, h[1] = ०.२५७५, h[2] = ०.१५१४, h[3] = ०.०३२८, मग चिन्ह बदलून h[4] = −०.०४६८, h[5] = −०.०६३७. n ऋण असला तरी किमती त्याच, कारण हे फल सममित आहे. वरखाली होत होत किमती लहान होत जातात, पण फार संथपणे, १/n च्या वेगाने. n = ३२ ला अजून −०.००९५ शिल्लक आहे आणि n = ३५ ला ०.००९१. म्हणजे तुम्ही ३३ वर कापता तेव्हा शेपूट विझलेलं नसतं. ते मुळात कधीच पूर्ण विझत नाही.

इथे दोन अडचणी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या धरायच्या. एक म्हणजे n च्या ऋण बाजूचे सहगुणक भविष्यातली सॅम्पलं मागतात. ही अडचण सोपी आहे: सगळं ३३ सॅम्पलांनी उजवीकडे सरकवायचं, बदल्यात तेवढा उशीर पत्करायचा. दुसरी म्हणजे शेपूट अनंत आहे आणि ते कुठेतरी तोडावंच लागतं. सगळा खेळ या दुसऱ्या अडचणीचा आहे.

तोडणं म्हणजे त्या अनंत मालिकेला एका चौकोनी विंडोने गुणणं: मधल्या ६७ जागी १, बाकी सगळीकडे ०. काळाच्या बाजूला गुणाकार झाला की फ्रिक्वेन्सीच्या बाजूला कन्व्होल्यूशन होतं. म्हणजे तुमच्या आदर्श चौकोनी आलेखावरून त्या विंडोचा स्पेक्ट्रम सरकत जातो, आणि कुठल्याही फ्रिक्वेन्सीला मिळणारा गेन म्हणजे त्या स्पेक्ट्रमचा जेवढा भाग पासबँडच्या आत पडतो त्याचं क्षेत्रफळ. हे वाक्य कागदावर आकृती काढून पाहा, कारण तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी त्यातूनच निघतात.

६७ टॅपच्या चौकोनी विंडोचा स्पेक्ट्रम असा दिसतो: मध्ये एक उंच मुख्य लोब, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे fs/N म्हणजे सुमारे ११९ हर्ट्झवर तो शून्याला टेकतो, आणि त्यापुढे छोटे बाजूचे लोब, आलटून पालटून ऋण आणि धन. आता हा स्पेक्ट्रम पासबँडच्या आतून कटऑफकडे सरकवत न्या. आधी लांबचे लोब एकेक करून पासबँडबाहेर पडतात. ऋण लोब बाहेर पडला की आतलं क्षेत्रफळ वाढतं, धन लोब बाहेर पडला की कमी होतं. तुम्हाला दिसणाऱ्या लहरी त्या ह्याच. मुख्य लोब पूर्ण आत आणि त्याच्या शेजारचा सगळ्यात मोठा ऋण लोब नुकताच पूर्ण बाहेर, अशी स्थिती येते तेव्हा सगळ्यात उंच लहर येते. कटऑफ १२०० धरला तर ती १२०० − ११९, म्हणजे साधारण १०८१ हर्ट्झला दिसेल आणि तिथे गेन १.०९ च्या आसपास असेल. पलीकडे, १३१९ च्या सुमारास, तेवढ्याच खोलीचा −०.०९ चा खड्डा असतो. ०.०९ म्हणजे डेसिबलमध्ये −२१. तुम्हाला −५० हवे आहेत आणि मिळतात २१.

आता टॅप २०१ करा. मुख्य लोब तिपटीने अरुंद होतो, पण उंचीही तिपटीने वाढते. बाजूच्या लोबांचंही तेच. प्रत्येक लोबचं क्षेत्रफळ होतं तेवढंच राहतं, आणि आपण मोजतो ते क्षेत्रफळ. म्हणून लहर १०८१ वरून सरकून ११६० ला जाते, कटऑफला चिकटते, पण उंची जागची हलत नाही. २००१ टॅप घेतले तरी ती उडीच्या साधारण ९ टक्केच राहील. गणितात ही गोष्ट गिब्सच्या नावाने ओळखली जाते. जोसाया विलर्ड गिब्स यांनी १८९९ मध्ये ‘नेचर’मध्ये ती मांडली, पण हेन्री विल्ब्रॅहम यांनी १८४८ मध्येच हा ९ टक्क्यांचा आकडा गणिताने काढून ठेवला होता आणि तो बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आला नव्हता. सांगायचा मुद्दा हा की हा तुमच्या कोडचा दोष नाही आणि संगणकाच्या अचूकतेचाही नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुस्तकं ती घाईने ओलांडतात. नुसता कापलेला सिंक हा वाईट फिल्टर आहे असं सरसकट म्हणता येत नाही. ६७ टॅपमध्ये आदर्श आलेखाच्या सगळ्यात जवळचा फिल्टर कोणता, असं विचारलं आणि ‘जवळ’ म्हणजे चुकीच्या वर्गाची सरासरी सगळ्यात कमी असं धरलं, तर उत्तर हा कापलेला सिंकच आहे. विंडो लावलेला कुठलाही फिल्टर त्या मापाने त्याच्यापेक्षा मागे पडतो. अडचण मापाची आहे. तुम्हाला सरासरी चूक नको आहे. १४०० च्या पुढे एकाही फ्रिक्वेन्सीला चूक अमुक मर्यादेच्या वर जाऊ नये, असं हवं आहे. विंडो सरासरी चूक थोडी वाढवते आणि ती सगळी उताराच्या पट्ट्यात नेऊन ठेवते, जिथे तुमची काही अटच नाही. हा सौदा तुमच्या फायद्याचा आहे, म्हणून विंडो लावायची.

विंडो हे कसं करते ते पाहू. चौकोनी विंडोचे बाजूचे लोब मोठे असतात कारण तिच्या टोकाला १ वरून ० वर एकदम कडा तुटते. टोकाकडे किमती हळूहळू उतरवल्या की लोब लहान होतात. हॅमिंगचं सूत्र, मधल्या बिंदूपासून मोजलं तर, असं आहे:

```
w[n] = 0.54 + 0.46·cos(2π·n/(N−1))
```

गुणाकार करून बघा. मधला ०.३ तसाच राहतो, h[1] ०.२५७५ चा ०.२५७० होतो, h[5] −०.०६३७ चा −०.०६०४ होतो. मध्याजवळ जवळपास काहीच बदल नाही. पण n = ३२ चा −०.००९५ आता −०.०००८ वर येतो. शेपूट विझल्यासारखं होतं.

फ्रिक्वेन्सीच्या बाजूने पाहिलं तर त्या कोसाइनमुळे चौकोनी विंडोच्या स्पेक्ट्रमच्या दोन लहान प्रती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे सरकून, मूळ स्पेक्ट्रममध्ये मिसळतात. बाजूचे लोब विरुद्ध चिन्हांचे येतात आणि एकमेकांना खातात. निम्मा-निम्मा वाटा, ०.५ आणि ०.५, घेतला तर ती हान विंडो. ०.५४ आणि ०.४६ हे प्रमाण असं बेतलं आहे की मुख्य लोबच्या अगदी शेजारचे मोठे लोब जवळजवळ नाहीसे व्हावेत. याची किंमत दोन जागी मोजावी लागते. मुख्य लोब दुप्पट रुंद होतो, म्हणून उतारही रुंदावतो. आणि हॅमिंगच्या टोकाला ०.०८ एवढी छोटी पायरी उरते, त्यामुळे तिचे दूरचे लोब संथपणे उतरतात. हानची टोकं शून्याला टेकतात, म्हणून तिचे दूरचे लोब झपाट्याने खाली जातात, पण जवळचे मोठे असतात.

फिल्टरमध्ये याचा अर्थ असा: चौकोनी विंडोने स्टॉपबँड २१ डेसिबल मिळतो, हानने ४४, हॅमिंगने ५३ आणि ब्लॅकमनने ७४. हे आकडे टॅपच्या संख्येवर अवलंबून नाहीत, म्हणून निवड इथूनच सुरू करायची. तुम्हाला ५० हवेत. हान कमी पडते, हॅमिंग पुरते, ब्लॅकमन गरजेपेक्षा जास्त देते आणि त्यासाठी जास्त टॅप खाते. विंडोच्या स्वतःच्या स्पेक्ट्रममधल्या लोबची उंची आणि फिल्टरचा स्टॉपबँड यांत मात्र गल्लत करू नका. चौकोनी विंडोचा पहिला लोब −१३ डेसिबल असतो आणि फिल्टर −२१ देतो, कारण फिल्टरला लागू होतं ते क्षेत्रफळ, उंची नव्हे. तक्ता पाहताना तो विंडोचा आहे की विंडोने केलेल्या फिल्टरचा, हे आधी बघा.

विंडो ठरली की टॅप. उताराची रुंदी हॅमिंगसाठी साधारण ३.३·fs/N असते, हानसाठी ३.१·fs/N, ब्लॅकमनसाठी ५.५·fs/N. तुमचा उतार १००० ते १४००, म्हणजे ४०० हर्ट्झ. N = ३.३ × ८००० / ४०० = ६६. मी पुढचा विषम आकडा घेतो, ६७. विषम अशासाठी की मग मधला टॅप नेमका सममितीच्या मध्यावर येतो आणि उशीर पूर्ण सॅम्पलांत मिळतो. सम संख्या लो-पासला चालते, पण उशीर अर्ध्या सॅम्पलाने वाकडा होतो आणि मूळ सिग्नलशी जुळवून बघताना त्रास देतो. तुम्ही ६७ च का घेतलेत ते माहीत नाही, पण आकडा बरोबर लागला आहे.

ब्लॅकमन घेतली असती तर ११० च्या पुढे, म्हणजे १११ टॅप लागले असते. ७४ डेसिबलची गरज नसताना ते वाया.

आता तुमचा निम्मा झालेला १००० हर्ट्झ. पुन्हा क्षेत्रफळाकडे या. विंडोचा स्पेक्ट्रम नेमका कटऑफवर मध्य ठेवून उभा असतो तेव्हा त्याचा अर्धा भाग पासबँडच्या आत आणि अर्धा बाहेर असतो. म्हणून विंडो कुठलीही असो, सूत्रातल्या fc ला गेन जवळपास ०.५ च येतो, म्हणजे −६ डेसिबल. अ‍ॅनालॉग फिल्टरच्या सवयीने आपण कटऑफ म्हणजे −३ डेसिबल धरतो. बटरवर्थला ते खरं आहे, या पद्धतीला नाही. तुम्ही fc = १००० दिलात, म्हणून १००० ला निम्मं मिळालं, आणि उतार ८०० ते १२०० मध्ये गेला. ८०० ते १००० मधला तुमच्या कामाचा भाग दबला आणि १२०० ते १४०० मध्ये विनाकारण जास्तीचा बंदोबस्त झाला. fc = १२०० केलं की सूत्राप्रमाणे उतार साधारण १००३ ते १३९७ मध्ये बसतो.

सगळं मिळून एवढंच:

```python
import numpy as np
from scipy.signal import freqz

fs, fc, N = 8000, 1200, 67
n = np.arange(N) - (N - 1) / 2
h = 2 * fc / fs * np.sinc(2 * fc / fs * n)
h = h * np.hamming(N)
h = h / h.sum()

f, H = freqz(h, worN=8192, fs=fs)
g = 20 * np.log10(np.abs(H) + 1e-12)
print(g[f <= 1000].min(), g[f <= 1000].max())
print(g[f >= 1400].max())
```

शेवटून दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की पासबँडमधली सगळ्यात खालची आणि वरची किंमत बघायची. दोन्ही शून्यापासून डेसिबलच्या काही शतांशांत असायला हव्यात. शेवटची ओळ स्टॉपबँडचं सगळ्यात उंच शिखर देते, ते −५० च्या खाली असायला हवं. ३.३ हा आकडा अंदाजाचा आहे, म्हणून कडेला थोडं कमी पडलं तर टॅप दोनने वाढवा आणि पुन्हा तपासा. सूत्रावर विश्वास ठेवून तपासणी सोडू नका.

या छोट्या कोडमध्येही तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं `np.sinc`. ते sin(x)/x देत नाही, sin(πx)/(πx) देतं. आत आणखी एक π घातला की कटऑफ तिपटीहून जास्त वर जातो आणि फिल्टर भलतंच काही करतो. ओळखायची खूण सोपी आहे: मधला सहगुणक 2·fc/fs आणि त्याच्या शेजारचा sin(2π·fc/fs)/π इतका आला पाहिजे. इथे ०.३ आणि ०.२५७५. विंडो लावायच्या आधी हे दोन आकडे छापून बघा.

दुसरं, विंडो कुठून घेता. `np.hamming` दोन्ही टोकांनी सारखी विंडो देतं, तीच आपल्याला हवी. पण `scipy.signal.get_window('hamming', 67)` काही न सांगता वापरलं तर स्पेक्ट्रम काढण्यासाठी केलेली विंडो मिळते, जिचं एक टोक दुसऱ्याशी जुळत नाही. तिने गुणलं की सहगुणकांची सममिती मोडते आणि फेज सरळ रेषेत राहत नाही. तिथे `fftbins=False` द्यावं लागतं. `h` उलटा करून मूळ `h` मधून वजा करा. सगळं शून्य आलं नाही तर हीच गडबड आहे. हान वापरताना आणखी एक: `np.hanning` ची दोन्ही टोकं शून्य असतात, म्हणजे ६७ मागितले तरी कामाचे टॅप ६५ च.

तिसरं, तपासणी. काही जण ६७ सहगुणकांचा ६७ बिंदूंचा FFT काढतात आणि आलेख छान दिसला म्हणून खूश होतात. ते बिंदू ११९ हर्ट्झच्या अंतरावर असतात आणि लहरींची शिखरं त्यांच्या मधे लपून जातात. वर ८१९२ बिंदू घेतले आहेत ते याचसाठी.

`h.sum()` ने भागलं आहे ते DC चा गेन नेमका १ राहावा म्हणून. तुमच्या कामात ते महत्त्वाचं आहे कारण कंपनाची पातळी तुम्ही मोजणार. `firwin(67, 1200, fs=8000)` लिहिलंत तर हे सगळं आतल्या आत होतं, हॅमिंग तिथे आपोआपच असते आणि DC चा गेनही १ केला जातो. मग हाताने का करायचं? एकदा हाताने करून दोन्ही उत्तरं जुळवून बघा, नंतर खुशाल `firwin` वापरा.

उद्या कोणी ५० ऐवजी ६० डेसिबल मागितले तर? हॅमिंग ५३ वर अडकते, ब्लॅकमन ७४ देऊन टॅप खाते, मधलं काही नाही. यासाठी बेल लॅब्जच्या जेम्स कायझर यांची विंडो आहे. तिच्यात β नावाचा एक आकडा आहे. तो वाढवला की लोब लहान होतात आणि उतार रुंदावतो, हवा तेवढाच. किती वाढवायचा त्याचं तयार सूत्र आहे. A हे हवे असलेले डेसिबल, ५० पेक्षा जास्त असतील तर:

```
β = 0.1102·(A − 8.7)
N − 1 ≈ (A − 7.95) / (2.285·Δω),   Δω = 2π·(उताराची रुंदी)/fs
```

A = ६० घातलं की β = ५.६५. तुमचा Δω = २π × ४०० / ८००० = ०.३१४. N − १ = ५२.०५ / ०.७१८ = ७२.५, म्हणजे किमान ७४ टॅप. विषम करून ७५. ब्लॅकमनच्या १११ शी तुलना करा. तुमच्या आत्ताच्या ५० साठी कायझरला ६१ टॅप पुरतात, β ४.५३ च्या आसपास (५० आणि त्याखाली β चं सूत्र वेगळं आहे, `kaiser_beta(50)` ते काढून देतं). मी स्वतः नव्या कामात थेट कायझरच वापरतो, कारण डेसिबल आणि टॅप दोन्ही गरजेपुरते घेता येतात. हॅमिंग मला हातातल्या हातात अंदाज करायला आवडते: ३.३ गुणिले fs भागिले उतार, झालं.

विंडो पद्धतीची एक मर्यादा मात्र कायझरनेही सुटत नाही. कटऑफच्या दोन्ही बाजूंना लहरी सारख्याच उंचीच्या येतात, कारण त्या एकाच स्पेक्ट्रमच्या क्षेत्रफळातून येतात. ६० डेसिबलचा स्टॉपबँड मागितला की पासबँडही ०.००१ इतका सपाट मिळतो, तुम्हाला हवा असो वा नसो. कंपनाच्या मोजणीत पासबँडला १ टक्का चूक चालत असेल तर हा सपाटपणा तुम्ही फुकट टॅप देऊन विकत घेताय. तिथे पार्क्स-मॅक्लेलन पद्धत, SciPy मधलं `remez`, पासबँडला आणि स्टॉपबँडला वेगळी सूट देऊ देतं. ०.०१ आणि ०.००१ अशी सूट धरली तर अंदाजे ५२ टॅपमध्ये काम होतं, ७५ ऐवजी. ८००० हर्ट्झला आणि एका चॅनेलला हा फरक नगण्य आहे: ६७ टॅप म्हणजे सेकंदाला ५,३६,००० गुणाकार, आणि सममितीचा फायदा घेऊन दोन्हीकडची सॅम्पलं आधी बेरजेत घेतली तर त्याच्या निम्मे. साधा मायक्रोकंट्रोलरही हे सहज पेलतो. चॅनेल बरेच असतील किंवा बॅटरीवर चालवायचं असेल तेव्हाच `remez` च्या वाटेला जा.

तुमच्या सिग्नलबद्दल दोन गोष्टी. फिल्टर (N−1)/2 म्हणजे ३३ सॅम्पलं उशीर करतो, ४.१२५ मिलिसेकंद. सगळ्या फ्रिक्वेन्सींना उशीर सारखाच, म्हणून बेअरिंगच्या ठोक्याचा आकार फेजमुळे बिघडत नाही. पण मूळ आणि फिल्टर केलेला सिग्नल एकाच आलेखावर काढताना ३३ ने मागे सरकवा, नाहीतर फिल्टरने ठोका हलवला असं वाटेल. सुरुवातीची ६६ सॅम्पलं फिल्टर भरेपर्यंतची आहेत. त्यांच्यावरून पातळी मोजू नका. हा उशीर मोटरच्या नियंत्रणाच्या लूपमध्ये येत असेल तर मात्र हा फिल्टर तिथे वापरू नका. देखरेखीसाठी ४ मिलिसेकंद काहीच नाहीत, लूपसाठी खूप असू शकतात.

दुसरी गोष्ट, १४०० च्या पुढे तुम्हाला नेमकं काय अडवायचं आहे? मोटर ड्राइव्हवर चालत असेल आणि त्याच्या स्विचिंगची खरखर ४००० हर्ट्झच्या वर असेल, तर ती सॅम्पल होतानाच दुमडून खाली येते. ७००० हर्ट्झचा आवाज तुमच्या डेटात १००० हर्ट्झचा म्हणून बसतो. एकदा तो पासबँडमध्ये आला की ६७ काय आणि ६७०० टॅप काय, कुठलाच डिजिटल फिल्टर त्याला खऱ्या कंपनापासून वेगळा करू शकत नाही. त्याची व्यवस्था ADC च्या आधी, अ‍ॅनालॉग फिल्टरनेच करावी लागते. शंका असेल तर सॅम्पलिंग ८००० वरून ९००० करून बघा. खरं कंपन जागच्या जागी राहील. दुमडून आलेली रेघ सरकेल, ७००० वाली १००० वरून २००० ला जाईल.

सहगुणक पूर्णांकांत ठेवायचे असतील तर १६ बिट इथे पुरतात. गोलाई केल्याने येणारी चूक ६७ टॅपला साधारण −८३ डेसिबलच्या पातळीवर राहते, तुमच्या −५३ च्या बरीच खाली. ८ बिटांत मात्र, ०.३ चा सगळ्यात मोठा सहगुणक तसाच ठेवला तर, हीच चूक −३५ च्या आसपास येते आणि विंडोने कमावलेलं सगळं जातं. आधी सगळे सहगुणक तिपटीने मोठे करून घेतले तरी −४५ च्या आसपासच पोचाल. गोल केलेल्या सहगुणकांवरच पुन्हा `freqz` चालवा, मूळ दशांशांवर नव्हे.

आणि हीच पद्धत फार अरुंद कामाला लावायच्या आधी N चं सूत्र एकदा मांडून बघा. याच ८००० हर्ट्झवर १० हर्ट्झपर्यंत हवं आणि १४ च्या पुढे नको म्हटलं, तर ३.३ × ८००० / ४ = ६६०० टॅप येतात आणि उशीर जवळजवळ ०.४ सेकंद. तिथे आधी टप्प्याटप्प्याने सॅम्पलिंग खाली आणायचं, प्रत्येक टप्प्याला छोटा फिल्टर, आणि शेवटचा तीक्ष्ण फिल्टर कमी वेगावर लावायचा. सॅम्पलिंग १०० हर्ट्झवर आणलं की त्याच ४ हर्ट्झच्या उताराला ८३ टॅप पुरतात. उशीर मात्र तेवढाच राहतो, कारण तो उताराच्या रुंदीतून येतो, सॅम्पलिंगच्या वेगातून नाही.